तेलुगूत पहिला मेसेज लिहिलाय, पाठवायच्या आधी कोणी बघता का?

मिरचीआडत
धर्माबादला मिरचीच्या आडतीवर आहे. रोज तेलंगणातले शेतकरी, हमाल, गाडीवाले येतात, त्यामुळं बाजारापुरतं तेलुगू कानावर आहे. भाव विचारणं, माप सांगणं, ‘रेपु रा’ म्हणणं. पण चार ओळी धड लिहायच्या म्हणलं की हात थांबतो. आता निजामाबादचे एक गृहस्थ ओळखीतून भेटलेत. पंचावन्नच्या पुढचे, बँकेतले. त्यांना मराठी शिकायचंय, मला तेलुगू. ठरलं असं की एक दिवस त्यांच्या भाषेत, एक दिवस आपल्या भाषेत. पहिला मेसेज मी टाकायचाय आणि त्यातच हसं नको म्हणून इथं विचारायलोय. लिपी अजून येत नाही, म्हणून देवनागरीतच:

‘नमस्कारं. ना पेरु गजानन उंदि. नेनु धर्माबादलो उंटानु. ना अक्क टीचर उंदि. नाकु रेंडु अन्नलु उन्नायि. नाकु तेलुगु सरिगा राडु. नेनु तेलुगु नेर्पुतानु, मीरु मराठी नेर्पुतारु. मीरु एला उन्नावु? तप्पुलु उंटे नाकु क्षमिंचंडि. मेमु आदिवारं माट्लाडुदां.’

मला म्हणायचंय ते असं: माझं नाव गजानन आहे, मी धर्माबादला राहतो, माझी अक्का शिक्षिका आहे, मला दोन मोठे भाऊ आहेत, मला तेलुगू नीट येत नाही, मी तेलुगू शिकतो तुम्ही मराठी शिका, तुम्ही कसे आहात, चुका असतील तर मला माफ करा, रविवारी बोलूया.

बोधनची_लेक
गजाननभाऊ, पाठवू नका! थांबा थोडं. माझं सगळं शिक्षण बोधनला तेलुगू शाळेत झालं, घरात मराठी, आता नांदेडला सासर. तुमचा मेसेज वाचून आधी हसले आणि मग माझ्या माहेरच्या मराठी बायका अशाच बोलायच्या ते आठवलं.

हसू सगळ्यात जास्त कशाला आलं सांगते. तुम्ही लिहिलंय ‘नाकु तेलुगु राडु’. राडु म्हणजे ‘तो येत नाही’, ‘तो येणार नाही’. हमाल आला नाही तर तुमच्या आडतीवर म्हणत असतील ना, ‘वाडु राडु’? तिथूनच ते कानात बसलंय. भाषेला ‘रादु’ पाहिजे, द. तुमच्या वाक्यात तेलुगू हा एक गडी झालाय आणि तो काही कामावर येत नाही.

आणि लगेच पुढच्या ओळीत तुम्ही म्हणताय ‘नेनु तेलुगु नेर्पुतानु, मीरु मराठी नेर्पुतारु’. म्हणजे मी तेलुगू शिकवतो, तुम्ही मराठी शिकवता! निजामाबादच्या माणसाला धर्माबादचा माणूस तेलुगू शिकवणार, तेही ‘मला येत नाही’ असं सांगून. शिकणं म्हणजे नेर्चुकोवडं, शिकवणं म्हणजे नेर्पडं. आपल्याकडं मधे एक ‘व’ आला की शिकणाऱ्याचा मास्तर होतो, तिकडं ‘चुको’च्या जागी ‘पु’ आला की होतो. तुम्हाला ‘नेनु तेलुगु नेर्चुकुंटानु, मीरु मराठी नेर्चुकोंडि’ पाहिजे.

बाकीच्यांतल्या काही चुकांचं मूळ एकच आहे, आपलं ‘आहे’. पण आता शाळेतून पोराला आणायचंय, संध्याकाळी लिहिते.

मिरचीआडत
ताई, वाचलो म्हणायचो. ‘राडु’ खरंच हमालांकडूनच उचललंय, रोज सकाळी तेच ऐकतो. मग शेतकरी बाई आली नाही तर पण ‘राडु’च का?

बोधनची_लेक
नाही. ‘राडु’ फक्त एकट्या पुरुषाला. बाई, बैल, बस, भाषा, पाऊस सगळ्यांना ‘रादु’. मान द्यायचा असला तर बाई असो बुवा असो, ‘रारु’.

उदगीरची_काकू
बाईला आणि बैलाला एकच? हे काय चांगलं नाही बाई.
असो. मी उदगीरची. आमची सून बिदरची आहे, घरी कानडीच बोलते. तिच्या आईला पहिल्यांदा काहीतरी लिहायचंय तर कोणी कानडीत चार वाक्यं लिहून देईल का? ‘मला कानडी येत नाही’ एवढं मी स्वतः लिहिलंय, ‘ननगे कन्नड बरल्ल’. बरोबर आहे का?

बोधनची_लेक
काकू, बरोबर आहे. धागा तेलुगूचा आहे पण तुमचं वाक्य इथं कामाचंच निघालं. कानडीत भाषा ‘येत’ नाही, तेलुगूत ‘येत’ नाही आणि मराठीतही येतच नाही. ‘नाकु तेलुगु रादु’, ‘मला तेलुगू येत नाही’, शब्दाला शब्द ठेवलाय. त्यामुळं गजाननभाऊ, तुमचं ते वाक्य बांधणीत एकदम बरोबर आहे, एका अक्षरानं मार खाल्ला.

निवृत्त_मास्तर_परभणी
चर्चा चांगली चालली आहे. एक ध्यानात घ्यावे की 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो आणि त्यानंतरही 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत हैदराबाद राज्यातच. माझे वडील उर्दूतून शिकले, हैदराबादला नोकरी केली, त्यांना तेलुगू उत्तम येई. त्यांच्याकडून ऐकलेले सांगतो. ‘रेंडु अन्नलु’ चूक आहे. थोरल्या भावांना मानाने ‘इद्दरु’ म्हणावे. धाकटे असतील तर ‘रेंडु’ चालते.

बोधनची_लेक
मास्तर, अर्धं बरोबर सांगितलंत. ‘इद्दरु’च पाहिजे, पण ते मानासाठी नाही. माणसं मोजताना आकडेच वेगळे आहेत: ओक्करु, इद्दरु, मुग्गुरु, नलुगुरु. धाकटा भाऊ असला, हमाल असला, चोर असला तरी इद्दरु. ‘रेंडु’ म्हणजे दोन पोती, दोन बैल, दोन रुपये. ‘रेंडु तम्मुळ्ळु’ म्हणलात तर धाकटे भाऊ पोत्यात गेले.

खरं तर आपल्याला हे सोपं जायला पाहिजे. आपल्यातही दोघं, तिघं, चौघं आहेच की. ‘आम्ही तिघं आलो’ म्हणतो, ‘तीन पोती आली’ म्हणतो. फरक इतकाच की आपल्याकडं ‘दोन भाऊ’ म्हणलेलंही चालतं, म्हणून सवय लागत नाही. तेलुगूत सुटका नाही. आणि माणसं मोजली की शेवटही माणसांचाच, उन्नारु. ‘उन्नायि’ वस्तूंना. तर वाक्य झालं ‘नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु’.

निवृत्त_मास्तर_परभणी
मान्य. वडिलांना तीन थोरले भाऊच होते, धाकटा नव्हता. मी माझा मीच निष्कर्ष काढला असणार.

बोधनची_लेक
आता ‘आहे’. गजाननभाऊ, तुम्ही जिथं मराठीत ‘आहे’ तिथं ‘उंदि’ ठेवत गेलात. उंदि म्हणजे ‘असतं’, कुठंतरी आहे, कुणाकडं तरी आहे. ‘ना पेरु गजानन उंदि’ ऐकल्यावर तिकडच्या माणसाला वाटतं गजानन नावाची काही वस्तू कुठंतरी ठेवलीय. नाव, नातं, धंदा सांगताना तेलुगूत क्रियापदच नाही. ‘ना पेरु गजानन.’ संपलं. ‘मा अक्क टीचर.’ संपलं.

माझी आई एक युक्ती सांगायची. मराठी वाक्यातून ‘आहे’ काढून बघायचं. ‘माझं नाव गजानन’, उभं राहतं ना? मग उंदि नको. ‘मला दोन भाऊ’, लंगडं वाटतं, पुढं काहीतरी पाहिजे असं वाटतं. मग उन्नारु पाहिजे. ‘डब्यात भाकरी’, लंगडं, उंदि पाहिजे.

गुंटूरकडचा
युक्ती चांगली आहे पण सगळीकडं चालत नाही. मी बारा वर्षं गुंटूरला होतो, मिरचीच्याच धंद्यात, मूळचा कंधारचा. ‘मी बरा आहे’ घ्या. ‘मी बरा’ म्हणलेलं मराठीत उभं राहतं, ‘मी बरा, तुम्ही?’ पण तेलुगूत ‘बागुन्नानु’च म्हणावं लागतं, त्यात ‘उन्ना’ आलंच. तब्येत, हवा, चव, कसंय-काय याला उन्ना लागतं. कोण आहे, काय आहे याला लागत नाही.

बोधनची_लेक
हो, हे खरं. ‘कसा’चं उत्तर असेल तर उन्ना, ‘कोण’चं असेल तर नाही. आईची युक्ती नावागावापुरती धरा.

आणि ‘नाही’मध्येही तेच भांडण आहे. ‘मिरची दुकानात नाही’ हे लेदु, आणि ‘ही मिरची नाही’ हे कादु. आपल्या आज्या ‘नव्हं’ म्हणायच्या बघा, ‘त्यो माझा पोरगा नव्हं’. ते नव्हं म्हणजे कादु. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही, शाळेत शिकलेल्यांना लागतो.

मिरचीआडत
माझी आजी अजून ‘नव्हं’ म्हणते. एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. पण ताई तुम्ही ‘ना अक्क’चं ‘मा अक्क’ केलंत, ते का? मी एकट्याबद्दल लिहितोय.

बोधनची_लेक
घरची माणसं, घर, गाव यांना तेलुगूत ‘आमचं’ लावतात. मा अम्म, मा इल्लु, मा ऊरु. आपणही ‘आमची आई’, ‘आमचं गाव’ म्हणतोच, एकटे असलो तरी. नाव मात्र ‘ना पेरु’. आणि ‘नेनु धर्माबादलो उंटानु’ चूक नाही, पण नुसतं ‘मादि धर्माबाद’ म्हणा. आमचं धर्माबाद. पहिल्याच ओळीत माणूस जवळचा वाटतो.

लातूरचा_पाहुणा
मला एक कळंना, एवढं कशाला? निजामाबादचा माणूस हिंदी बोलतो, धर्माबादचा हिंदी बोलतो. हिंदीत काय अडलंय?

मिरचीआडत
भाऊ, हिंदीत धंदा होतो. त्यांना मराठी शिकायचीय आणि मला तेलुगू, हिंदी दोघांनाही येते. मग शिकणार काय?

गुंटूरकडचा
‘मेमु आदिवारं माट्लाडुदां’ कुणी पकडलं नाही अजून. मेमु म्हणजे आम्ही, मनं म्हणजे आपण. तुम्ही त्यांना म्हणालात ‘आम्ही रविवारी बोलूया’, म्हणजे त्यांना बाहेर ठेवून. ही चूक मराठी माणसानं करायलाच नको, आपल्याकडं आम्ही-आपण शाबूत आहे. हिंदीतून विचार केला की होते, ‘हम’मध्ये दोन्ही बुडतात. ‘मनं आदिवारं माट्लाडुदामा?’ असं लिहा. ‘बोलूया का?’ विचारलेलं बरं, पहिल्याच दिवशी मोठ्या माणसाला वेळ ठरवून सांगू नये.

मिरचीआडत
खरंय, मी आधी हिंदीत लिहून मग तेलुगू केलं होतं. धंद्याची सवय.

बोधनची_लेक
मग ‘मीरु एला उन्नावु’ पण तिथूनच का? हे म्हणजे ‘तुम्ही कसा आहेस’. सुरुवात मानाची, शेवट गड्याचा. मीरु असेल तर उन्नारु, नुव्वु असेल तर उन्नावु. आडतीवर तुम्ही दिवसभर नुव्वु ऐकता, तोच शेवट जिभेवर आहे. पंचावन्नच्या माणसाला हे लिहिलं तर ते काही बोलणार नाहीत, पण लक्षात ठेवतील.

आता ‘मला’. ही चूक सगळ्यात चिवट, मला शाळेत सातवीपर्यंत जात नव्हती. मराठीत ‘मला’ एकच, तेलुगूत दोन: नाकु आणि नन्नु. मला पाहिजे, मला येतं, मला आहे, मला सांगा, मला द्या, तिथं नाकु. मला मारलं, मला बघितलं, मला ओळखलं, मला माफ करा, तिथं नन्नु. म्हणजे आपल्याकडं काही येतं तिथं नाकु आणि आपल्यावर काही केलं जातं तिथं नन्नु. त्यामुळं ‘नन्नु क्षमिंचंडि’.

उदगीरची_काकू
मग ‘मला विचारा’ कशात बसतं? विचारणं म्हणजे काही येतंय की काही केलं जातंय?

बोधनची_लेक
काकू, इथंच सगळे पडतात. ‘मला सांगा’ हे ‘नाकु चेप्पंडि’ आणि ‘मला विचारा’ हे ‘नन्नु अडगंडि’. याला माझ्याकडं युक्ती नाही, पाठच करावं लागतं. आमच्या बाई फळ्यावर दोन्ही शेजारी शेजारी लिहून ठेवायच्या.

निवृत्त_मास्तर_परभणी
पत्राच्या शेवटी ‘दयचेसि’ म्हणजे ‘कृपया’ घालावे. सभ्यपणा दिसतो.

गुंटूरकडचा
मास्तर, ‘दयचेसि’ स्टेशनवरच्या घोषणेत शोभतं. बोलताना शेवटचं ‘अंडि’ पुरतं. ‘चेप्पंडि’त ‘कृपया सांगा’ आलंच. नुसत्या नमस्कारालाही ‘नमस्कारं अंडि’ म्हणा, गोड वाटतं. त्यांच्या नावापुढं मानाचं गारु लावा, स्वतःच्या नावापुढं लावू नका. मी पहिल्या महिन्यात स्वतःची ओळख करून देताना लावलं होतं, दुकानातली पोरं वर्षभर मला तसंच हाक मारत होती.

एक शंका मात्र आहे. निजामाबादला ‘एला उन्नारु’ म्हणतात का? माझ्या कानाला तिकडं ‘एट्लुन्नरु’ येतं. मी गुंटूरचं तेलुगू बोललो की तेलंगणातली माणसं म्हणायची, सिनेमातल्यासारखं बोलतोस.

बोधनची_लेक
घरात एट्लुन्नरुच. बोधनला आम्ही तेच बोलायचो आणि वहीत ‘एला उन्नारु’ लिहायचो. आपलं ‘करायलोय’ आणि ‘करत आहे’ असतं ना, तसंच. मी तर म्हणते एट्लुन्नरु लिहा, निजामाबादच्या माणसाला आपलं वाटेल.

गुंटूरकडचा
मला नाही पटत. अनोळखी माणसानं पहिल्याच पत्रात बोली वापरली की नक्कल केल्यासारखं होतं. उद्या त्यांनी तुम्हाला ‘काय करायलाव’ लिहिलं तर?

मिरचीआडत
मला तर लई आवडेल.

लातूरचा_पाहुणा
मला पण.

निवृत्त_मास्तर_परभणी
मला नाही. शिकणाऱ्याने आधी प्रमाण भाषा शिकावी.

मिरचीआडत
पहिल्यांदा ‘एला’ ठेवतो, भेटल्यावर ‘एट्लु’. सगळ्यांचं ऐकून असं केलंय:

‘नमस्कारं अंडि. ना पेरु गजानन. मादि धर्माबाद. मा अक्क टीचर. नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु. नाकु तेलुगु सरिगा रादु. नेनु तेलुगु नेर्चुकुंटानु, मीरु मराठी नेर्चुकोंडि. मीरु एला उन्नारु? तप्पुलु उंटे नन्नु क्षमिंचंडि. मनं आदिवारं माट्लाडुदामा?’

बोधनची_लेक
आता पाठवा. आणखी एकच, ‘एला’मधला ए तोकडा आहे, ‘एक्का’तला, ‘एक’मधला नाही. आपल्या नेहमीच्या देवनागरीत दाखवता येत नाही, म्हणून लिपी लवकर शिका. उलट ‘चाला’ म्हणजे ‘खूप’ हा शब्द बोलायची वेळ आली तर आपल्या ‘चाक’मधला च वापरा, हिंदी ‘चाय’मधला नको. तो च आपल्याकडं आहे आणि तिकडंही आहे, उत्तरेकडच्यांना जमत नाही.

मिरचीआडत
(तीन दिवसांनी) उत्तर आलं! त्यांनी मराठीत लिहिलंय. त्यांची परवानगी विचारून, नाव काढून टाकतोय:

‘नमस्कार गजानन गारु. तुमचा चिठ्ठी वाचलो. लई आनंद झाला. तुमचा तेलुगू चांगला आहे. मला दोघं मुली आहेत. आज मी चहा प्यालो, भाकरी खाल्लो, मग तुमचा चिठ्ठी परत वाचलो. रविवारी आपण बोलूया.’

‘आपण’ बरोबर आलंय बघा, माझ्यासारखं ‘आम्ही’ नाही. ‘तुमचा चिठ्ठी’ला ‘तुमची’ सांगितलं, ‘दोघं मुली’ला ‘दोन मुली’ किंवा ‘दोघी मुली’ सांगितलं. ‘वाचलो’चं ‘वाचली’ केलं. चिठ्ठी वाचली, भाकरी खाल्ली, मी कुणी का असेना, क्रियापद चिठ्ठीच्या आणि भाकरीच्या मागं जातं. तेलुगूत ते नेहमी करणाऱ्याच्या मागं जातं म्हणून त्यांची चूक झाली, हे मला आता कळतंय.

पण त्यांनी लगेच विचारलं, मग ‘चहा प्यालो’ तुम्ही का दुरुस्त केलं नाही? भाकरी खाल्ली तर चहा प्याला का नाही? मी म्हणलो, चहा प्यालो बरोबर आहे. का, ते सांगता आलं नाही.

गुंटूरकडचा
‘मी मराठी शिकलो’ पण तसंच. ‘मराठी शिकली’ म्हणत नाही. आणि ‘मी नाव विसरलो’. यादी आहे काहीतरी यांची.

उदगीरची_काकू
पण आमच्याकडं कुणी कुणी ‘चहा पिला’ म्हणतं की.

निवृत्त_मास्तर_परभणी
‘पिला’ अशुद्ध आहे. बाकी कारण शोधून सांगतो. चाळीस वर्षे मराठी शिकवली, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मिरचीआडत
मास्तर, रविवारच्या आत सांगा. त्यांनी वहीत लिहून ठेवलाय.